तुम्ही विचारलंत म्हणून: हिमोग्लोबिनची स्लाइड

“ताई, हिमोग्लोबिन कमी निघालं तर परत पाठवतात, हे रक्तदान शिबिराच्या पोस्टमध्ये कशाला लिहिता? आधीच लोक घाबरतात.”

मंडळातल्या पोरांनी विचारलं, माझ्या भावाने विचारलं, गेल्या आठवड्यात परत एकदा विचारलं. घाबरवायचं नाहीये मला. सहा वर्षं मी या पोस्ट बनवतेय, आधी मीसुद्धा लिहायचे नाही. तारीख, जागा, १८ ते ६५ वय, ४५ किलो वजन, आणि शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरात “काळजी नको, २४ तासांत भरून निघतं”.

दोन वर्षांपूर्वी गणपतीतल्या शिबिराला आमच्या बिल्डिंगमधल्या एक वहिनी आल्या होत्या. मीच पाठवलेली पोस्ट बघून. बरोबर सात-आठ वर्षांची मुलगी, तिला दाखवायचं होतं आई रक्त कशी देते ते. बोट टोचलं, निळ्या पाण्याच्या छोट्या बाटलीत थेंब सोडला. ते मोरचुदाचं द्रावण असतं, त्याची घनता अशी ठेवलेली असते की हिमोग्लोबिन साडेबारा किंवा जास्त असेल तर थेंब सरळ खाली जातो, कमी असेल तर तरंगतो किंवा मध्येच रेंगाळतो. वहिनींचा तरंगला. मी म्हटलं परत बघा, कारण थेंबात हवेचा बुडबुडा गेला तरी तो तरंगतो, आणि एकच द्रावण जास्त वापरलं तरी गडबड होते. दुसऱ्यांदाही तरंगला. मग मशीनवर बघितलं, ११.४.

टेबलावरच्या माणसाने मागच्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, “मॅडम, तुमचं रक्त चालणार नाही.” असं सांगायचं नसतं. “आज घेता येणार नाही” म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मुलीने विचारलं, आईचं रक्त वाईट आहे का? वहिनी हसल्या, बिस्किटाचा पुडा घ्यायला पण थांबल्या नाहीत, आणि जाताना मला एवढंच म्हणाल्या, “तुझ्या पोस्टमध्ये हे नव्हतं गं.” खरंच नव्हतं.

त्या माणसाचं चुकलं असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. पण त्याच्या आधी चूक माझी होती. भारतात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया आहे, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ५७ टक्के आहे. म्हणजे माझी पोस्ट वाचून येणाऱ्या किती बायका परत जाणार हे आधीच दिसत होतं आणि मी त्यांना वजन विचारत बसले होते.

२४ तासांचं पण अर्धंच खरं आहे. एक-दोन दिवसांत भरून येतं ते रक्तातलं पाणी. लाल पेशी भरायला महिना-दोन महिने लागतात, आणि ३५० मिली रक्ताबरोबर साधारण दीडशे मिलिग्रॅम लोह जातं ते भरायला त्याहून जास्त. पाळीत बायकांचं दर महिन्याला जातं ते वेगळंच. म्हणून पुरुषांना दोन रक्तदानांमध्ये ९० दिवस आणि बायकांना १२० दिवस थांबायला सांगतात. साडेबाराची अट पण रक्त देणाऱ्याला स्वतःला त्रास होऊ नये म्हणूनही आहे, हे मी वहिनींना त्या दिवशी सांगू शकले असते, पण मी तेव्हा बॅनरची दोरी बांधत उभी होते.

आणि हो, आदल्या दिवशी बीट आणि खजूर खाऊन काही होत नाही, हे पण लिहिते. सकाळी पोट भरून नाश्ता कराच, तो चक्कर येऊ नये म्हणून, आकडा त्याने वाढत नाही. आकडा वाढायला आठवडे लागतात, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या नेमाने घ्याव्या लागतात, आणि जेवणाबरोबर चहा बंद करावा लागतो कारण चहा लोह शोषू देत नाही.

आधीची मी इथे म्हणेल की एवढं वाचून दहा जण कमी येतील. येतीलही. शिबिरात पिशव्या मोजतात, परत गेलेल्या बायका कोणी मोजत नाही, त्यामुळे तिचं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नाही. आणि पिशव्या लागतातच, प्लेटलेट्स तर पाच दिवसच टिकतात, हे मला पण कळतं.

वहिनी नंतर आल्या नाहीत. मी पण विचारलं नाही, लिफ्टमध्ये भेटलो की दुसरंच काहीतरी बोलतो.

आता स्लाइडवर असं आहे: “आधी बोट टोचून हिमोग्लोबिन बघतात. १२.५ पेक्षा कमी असेल तर त्या दिवशी रक्त घेत नाहीत. तुमचं रक्त वाईट आहे असा त्याचा अर्थ नाही. आकडा लिहून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.” पोरांच्या आग्रहाखातर ती दुसऱ्या नंबरवरून पाचव्यावर नेली. पाचव्यापर्यंत किती जण स्वाइप करतात माहीत नाही, म्हणून काल रात्री परत दुसऱ्यावर आणली. अजून पोस्ट केलेली नाही.