जॉब फेअरला भेटलेल्या सरांना मेल केला त्याचा अनुभव (जरा लांब आहे)

मी चोपडा तालुक्यातला, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, कॉलेज जळगावला. फेब्रुवारीत आमच्या कॉलेजात जॉब फेअर झाला. मंडप, पंधरा-वीस स्टॉल, आणि प्रत्येक स्टॉलसमोर पोरांची अशी रांग की जणू प्रसाद वाटताय. सगळ्यांच्या हातात तीच प्लास्टिकची फाईल. स्टॉलवरचा माणूस रिझ्युमे घेणार, गठ्ठ्यावर ठेवणार, "कळवू" म्हणणार, पुढचा. संध्याकाळपर्यंत त्या गठ्ठ्यात आपण कुठे होतो ते त्यालाही सांगता येणार नाही.

एका ड्रिप आणि पाईप बनवणाऱ्या कंपनीच्या स्टॉलवर मात्र एचआर मॅडमच्या बाजूला एक सर बसले होते, ते फील्डवरचे इंजिनियर होते. (नाव कंपनीचं नाही सांगत, कोणाचीच परवानगी घेतलेली नाही.) त्यांनी रिझ्युमेवर माझा प्रोजेक्ट पाहिला, काकांच्या केळीच्या प्लॉटवर ड्रिपरचं पाणी मोजायचा. लॅटरल म्हणजे ज्या नळीवर हे ड्रिपर बसवतात ती. विचारलं, लॅटरलच्या शेवटी पाणी कमी येतंय असं लिहिलंय तुम्ही, ते कशामुळे? मी पाठ केल्यासारखं "क्लॉगिंग सर, ड्रिपर चोंदतात, बोअरचं पाणी क्षाराचं आहे." ते म्हणाले, प्रेशर पण शेवटाला कमी होतंच ना, मग कमी झालेल्यातलं किती प्रेशरमुळे आणि किती क्लॉगिंगमुळे, वेगळं कसं केलं तुम्ही?

मी गप्प. खरंच केलं नव्हतं. मी म्हटलं "नाही केलं सर." त्यांनी कार्ड दिलं आणि म्हणाले, बघा करून, पाठवा मला. सगळं मिळून चारेक मिनिटं.

रांगेतून बाहेर आल्या आल्या मी कार्डाच्या मागे लिहायला गेलो तर कार्ड चकचकीत, पेनच उमटेना. मग मोबाईलमध्ये टाईप केलं, वेळ, स्टॉल, आणि त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत. हे तेव्हाच केलं म्हणून बरं झालं, कारण त्यानंतर अजून सहा स्टॉल फिरलो आणि रात्रीपर्यंत कोण काय बोललं त्याचं पार भरीत झालं होतं डोक्यात.

रात्री होस्टेलवर मेल लिहायला बसलो. पहिला ड्राफ्ट म्हणजे अगदी तुम्हीही लिहिला असेल तसा, आपल्याला भेटून आनंद झाला, आपल्या नामांकित कंपनीत काम करायची तीव्र इच्छा आहे, मी मेहनती आहे, संधी द्यावी. आमची चुलत ताई पुण्याला एका कंपनीत भरतीचंच काम बघते, तिला व्हॉट्सअपवर पाठवला. तिचा सरळ फोनच आला. म्हणाली, "कंपनीचं नाव बदललं तर हाच मेल तू आजच्या सगळ्या स्टॉलवाल्यांना पाठवू शकतो ना? मग तो त्यांच्यापैकी कोणालाच नकोय." पुढे म्हणाली, त्या माणसाला तू आठवणार नाही, चेहरा नाही, नाव नाही, त्याला त्याने विचारलेला प्रश्न आठवेल, तर मेलमध्ये तो प्रश्न पहिल्या दोन ओळीत पाहिजे.

मी म्हटलं ताई उत्तर तर नाहीये माझ्याकडे, आधी शेतात जाऊन मोजतो आणि मग एकदमच पाठवतो. ती म्हणाली नको, तू मोजशील, मग ग्राफ काढत बसशील, दहा दिवस जातील, तोवर तो दुसऱ्या कॉलेजच्या फेअरला जाऊन आलेला असेल. उद्या सकाळी छोटा मेल टाक, आणि उत्तर कधी देणार तो वार लिही, मग त्याच मेलच्या खाली उत्तर दे.

तर शनिवारी सकाळी गेलेला मेल असा होता (इंग्रजीत होता, इथे मराठीत सांगतो). विषयाच्या ओळीत: शुक्रवारचा जॉब फेअर, लॅटरलच्या शेवटी पाणी कमी, प्रेशर की क्लॉगिंग. आणि आत:

"नमस्कार सर, काल दुपारी साडेबाराच्या सुमारास तुमच्या स्टॉलवर भेटलो होतो, केळीच्या प्लॉटवर ड्रिपचा प्रोजेक्ट करणारा चोपड्याचा विद्यार्थी. शेवटच्या ड्रिपरला पाणी कमी येतं त्यात प्रेशरचा भाग किती आणि क्लॉगिंगचा किती, हे तुम्ही विचारलं होतं, मला सांगता आलं नाही. उद्या त्याच प्लॉटवर वेगळं करून मोजतोय, सोमवारी आकडे पाठवतो. रिझ्युमे सोबत जोडलाय."

खाली नाव, ब्रँच, वर्ष, मोबाईल. बस. नोकरीचा शब्द नाही. ताईचं म्हणणं, रिझ्युमे जोडला म्हणजे कळतं त्याला तू का लिहितोय. आणि हो, रिझ्युमेच्या फाईलचं नाव Resume_final_new2.pdf होतं, ते तिनेच बदलायला लावलं, स्वतःचं नाव आणि ब्रँच टाकली.

आता घोळ ऐका. मेल टाकला आणि मी निवांत बसने गावाला. रात्री पाहतो तर मेल परत आलेला! कार्डावर नाव आणि आडनावाच्या मधे टिंब होतं, बारीक अक्षरात, ते मी खाल्लं होतं. परत आल्याचा मेल सकाळचाच होता, मी बघितलाच नव्हता. कार्डाचा फोटो झूम करून पत्ता परत टाकला आणि रात्रीच पाठवला, "काल" चं "शुक्रवारी" करून. त्यामुळे सांगतो, पाठवल्यावर पाच मिनिटांनी एकदा इनबॉक्स बघा, परत यायचा असला तर बहुतेक लगेच येतो.

रविवारचं मोजणं हा वेगळाच तमाशा. आमच्याकडे शेतीची लाईट पाळीने येते आणि त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. म्हणजे मी, काका आणि माझा मित्र, रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन केळीत. काकांची सिस्टीम जुनी, नळीवर वरून टोचलेले ड्रिपर, ताशी 4 लिटरचे. हिशोब सोपा, ताशी 4 लिटर म्हणजे 3 मिनिटात 200 मिली यायला पाहिजे. लॅबमधून मेजरिंग सिलेंडर आणि प्रेशर गेज मागून आणला होता.

मग वेगळं कसं केलं? एकच कोरा ड्रिपर घेतला, पाकिटातला. तो आधी लॅटरलच्या सुरुवातीला लावून 3 मिनिटं मोजलं, 198 मिली. मग तोच काढून शेवटाला, जुन्याच्या जागी. 177. आणि तिथला काढलेला जुना ड्रिपर, काढायच्या आधी मोजला होता, तो 148. नवा ड्रिपर तर चोंदलेला असूच शकत नाही, तेव्हा 198 वरून 177 झाले ते प्रेशरचे, म्हणजे 21 मिली. आणि 177 वरून 148, हे 29 मिली क्लॉगिंगचे. गेजवर सुरुवातीला 1 किलो होतं आणि शेवटाला एंड कॅप काढून तिथे लावला तर 0.8. या प्रकारच्या ड्रिपरला पाणी प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशोबात कमी होतं, 0.8 चं वर्गमूळ साधारण 0.89, आणि 198 गुणिले 0.89 केलं की जवळपास 177 च येतं. हे जुळलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी केळीत उभं राहून ओरडलो. काका म्हणे, "साप निंघना का?"

सुरुवातीला नवा ड्रिपर काढला ते भोक मात्र गळायला लागलं, बंद करायचा प्लग आणलाच नव्हता. शेवटी नवाच परत तिथे टोचला आणि जुना पुन्हा शेवटाला. म्हणजे कोरा ड्रिपर काकांना फुकट.

सोमवारी त्याच मेलखाली रिप्लाय केला. वर एका ओळीत उत्तर: एकूण 50 मिलीची घट, त्यातले 21 प्रेशरचे आणि 29 क्लॉगिंगचे. खाली तीन आकडे, कसे मोजले ते दोन ओळीत, आणि एक ओळ की हे एकाच लॅटरलवर केलंय, त्यामुळे पूर्ण प्लॉटबद्दल बोलता येणार नाही. ही ओळ टाकू की नको असं झालं होतं, वाटलं कमी दिसेल. ताई म्हणाली टाक, तो फील्डचा माणूस आहे, त्याला तसंही दिसणारच आहे.

आणि मग शांतता. मंगळवार, बुधवार, गुरुवार. माझा रूममेट म्हणे फोन लाव, कार्डावर नंबर आहे ना. मी दोनदा डायल करून कट केला, नशीब रिंग जायच्या आधी. ताईने सांगितलं होतं की आठवडाभर थांब, मग एकदाच दोन ओळीचा रिप्लाय, तरी नाही तर सोडून दे. घरून आईचा रोज फोन, "काय व्हयनं?" काहीच व्हयनं नाही.

रविवारी रात्री उत्तर आलं. नमस्कार नाही, काही नाही, एकच ओळ: शेवटाला गेज लावला तेव्हा बाकी ड्रिपर चालू होते का?

होते. बरोबर विचारलं होतं त्यांनी, बाकीचे बंद असते तर नळीत पाणी वाहिलंच नसतं आणि शेवटालाही प्रेशर पूर्ण दिसलं असतं. मी दहा मिनिटात उत्तर दिलं, गेजचा टॉर्चच्या उजेडातला फोटो होता तो जोडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो सगळा मेल एचआर मॅडमना फॉरवर्ड केला, मला सीसीत ठेवून. मॅडमनी एक फॉर्मची लिंक पाठवली आणि लिहिलं की फॉर्म भरल्याशिवाय नाव पुढे जाणार नाही. म्हणजे सरांनी ओळखलं तरी फॉर्म, टेस्ट, इंटरव्ह्यू हे सगळं बाकीच्यांसारखंच, त्यातून सुटका नाही. मेलने एवढंच केलं की माझं नाव त्या गठ्ठ्यातून बाहेर आलं.

त्याच फेअरमधल्या अजून दोन कंपन्यांना पण मेल केले होते. तिथे स्टॉलवर काही बोलणंच झालं नव्हतं, "कळवू" एवढंच. तर तिथे आठवण करून द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि उगाच "आपल्या चर्चेप्रमाणे" लिहायला जीभ रेटेना. साधे मेल टाकले, आजपर्यंत उत्तर नाही. रूममेटने तर कमालच केली, माझाच मेल कॉपी करून त्याच सरांना पाठवला, ड्रिपच्या जागी "सोलर" टाकून. सरांनी सोलरचं काही विचारलंच नव्हतं त्याला. त्याला पण उत्तर नाही.

इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी सरांचा मेसेज आला, तो जुना ड्रिपर घेऊन या. काकांना फोन केला, त्यांनी सकाळी सहाच्या एसटीत कंडक्टरकडे देऊन पाठवला, शेवेच्या पुड्यासोबत. इंटरव्ह्यूत सरांनी ब्लेडने तो ड्रिपर उघडला, आतल्या वळणांत पांढरा थर बसलेला होता. त्यावर ॲसिडचा थेंब टाकला, फेस आला. म्हणाले, "चुना आहे. गाळ असता तर फेसाळला नसता. आता सांगा, काकांना काय करायला सांगाल?"

मी म्हटलं, ॲसिड ट्रीटमेंट. ते म्हणाले, किती, कसं ठरवणार? यावेळी उत्तर होतं माझ्याकडे: आधी बादलीभर बोअरच्या पाण्यात ॲसिड थोडं थोडं टाकून सामू 4 च्या आसपास यायला किती लागतं ते बघायचं, मग त्या हिशोबाने लाईनमध्ये सोडायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी एंड कॅप उघडून धुवून काढायचं. मॅडम तोवर घड्याळ बघत होत्या.

जुलैपासून ट्रेनी म्हणून जॉईन होतोय. काकांनी अजून ॲसिड सोडलेलं नाही, म्हणे तू आल्यावर तूच कर.