रजा दोन दिवसांची, गैरहजेरी आठ दिवसांची

तुम्ही विचारलंत: "आमच्या टीममधली माणसं वेगवेगळ्या देशांत आहेत. रजेच्या तारखा सगळे वेळेवर आणि स्पष्ट कळवतात, तरी दर वेळी घोळ होतो. नेमकं लिहायचं तरी काय?"

मी वेळापत्रकं सांभाळते, म्हणजे कोण कधी जागेवर आहे याचा हिशेब ठेवणं हे माझं पोटापाण्याचं काम. तरीही २०२६ च्या एप्रिल-मेमध्ये माझ्याच डोळ्यांसमोर असा घोळ झाला. तो दिवसवार सांगते, कारण त्यातच बहुतेक सगळं येतं.

टोकियोतली सहकारी मजकूर तयार करायची आणि लंडनमधला सहकारी तो तपासून मंजूर करायचा. तिने आठवडाभर आधी कळवलं, "३० एप्रिल आणि १ मे, दोन दिवस मी रजेवर आहे." तारखा बरोबर, महिना अक्षरी, कुठे संदिग्ध काही नाही. त्यानेही कळवलं, "५ ते ८ मे रजा." दोघांनी एकमेकांच्या निरोपाला 'ओके' म्हटलं आणि मीही निर्धास्त झाले.

आता तिच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा. २९ एप्रिल, बुधवार, जपानमध्ये सार्वजनिक सुट्टी. ३, ४ आणि ५ मे याही सुट्ट्या. त्या वर्षी ३ मे रविवारी आला, आणि जपानच्या नियमाप्रमाणे रविवारी वाया गेलेली सुट्टी त्यानंतरच्या पहिल्या सुट्टी नसलेल्या दिवशी मिळते. सोमवार-मंगळवार आधीच सुट्टीचे, म्हणून ती बुधवारी, ६ मेला गेली. थोडक्यात, तिने मधले दोन दिवस रजा टाकली आणि २९ एप्रिल ते ६ मे अशी सलग आठ दिवसांची मोकळीक पदरात पाडून घेतली. तिथे बरेच जण हेच करतात, आणि ज्याला रजा जपून वापरायची आहे तो हेच करणार. यातले सहा दिवस तिने कळवले नाहीत, कारण तिच्या दृष्टीने ते कळवण्यासारखे नव्हतेच. रविवारी मी येणार नाही, असं कोणी कळवतं का?

लंडनमधल्या माणसाने आपलं कॅलेंडर लावलं. गुरुवार-शुक्रवार ती नाही, मग शनिवार-रविवार, सोमवारी ४ मेला इंग्लंडमध्येच बँक हॉलिडेची सार्वजनिक सुट्टी, म्हणजे ती मंगळवारी ५ तारखेला भेटेल. त्या दिवशी आपण नसलो तरी आपल्या जागी बसणारी सहकारी तिचं उत्तर घेईल. एका वाक्याचे दोन अर्थ झाले, आणि दोन्ही आपापल्या जागी बिनचूक. प्रत्यक्षात ती उगवली गुरुवारी, ७ मेला.

त्या एकाच रजेचे तीन आकडे होतात, हे मला तेव्हा कागदावर मांडल्यावर कळलं. तिच्या रजेच्या खात्यातून गेले दोन दिवस. कॅलेंडरवर ती नव्हती आठ दिवस. आणि लंडनचं ऑफिस उघडं असताना ती नव्हती असे दिवस पाच: २९, ३० एप्रिल, १, ५ आणि ६ मे. तिने पहिला आकडा कळवला. त्याला हवा होता तिसरा.

आपल्या भाषेत यासाठी नेमके शब्द आहेत, फक्त आपण ते वापरत नाही. रजा आपण मागतो, सुट्टी आपल्याला मिळते, आणि दोन्ही मिळून जे होतं ती गैरहजेरी. इंग्रजीत लिहायला लागलो की हे तिन्ही एका 'ऑफ'मध्ये गडप होतात. त्यात ब्रिटिश माणूस स्वतःच्या रजेलाही 'हॉलिडे' म्हणतो, त्यामुळे सरकारी सुट्टी कुठली आणि घेतलेली रजा कुठली हे वाक्यावरून कळत नाही. रजा किती शिल्लक राहिली हा तुमचा आणि एचआरचा मामला. परदेशातल्या सहकाऱ्याला कळवायची ती गैरहजेरी.

ती कळवायची दोन तारखांनी: आधीचा शेवटचा कामाचा दिवस आणि नंतरचा पहिला कामाचा दिवस. दोन्हींना वार जोडायचा. "मी जागेवर असलेला शेवटचा दिवस मंगळवार, २८ एप्रिल. त्यानंतर थेट गुरुवार, ७ मे. मधल्या दिवसांत रजा आणि जपानच्या सुट्ट्या दोन्ही आल्या." तिने एवढं लिहिलं असतं तर पुरलं असतं. समोरच्याला जपानी सुट्ट्यांची यादी शोधावी लागत नाही, बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. वार लिहिण्याचं कारण व्यवहारी आहे. तारीख लिहिताना हात चुकला तर वार जुळत नाही आणि चूक लगेच दिसते. महिना मात्र अक्षरीच, कारण ७/५ म्हणजे एकाला ७ मे तर अमेरिकेतल्या माणसाला ५ जुलै.

'पर्यंत' या शब्दाशी मी जवळपास कट्टी घेतली आहे. "६ मेपर्यंत नाही" हे वाचून अर्धे लोक सहा तारखेला फोन करतात. परक्यांची गोष्ट सोडा, ज्या भाषेत 'परवा' मागेही जातो आणि पुढेही जातो त्या भाषेतली माणसं आपण. आपण तरी सावध असायला हवं.

गंमत म्हणजे कॅलेंडरच्या प्रणालीलाही 'पर्यंत' नको असतं. आमंत्रणाची .ics फाईल उघडून पाहिलीत तर तिची पूर्ण गैरहजेरी अशी दिसेल:

```
DTSTART;VALUE=DATE:20260429
DTEND;VALUE=DATE:20260507
```

दिवसभराच्या नोंदीत शेवटची तारीख धरली जात नाही, असा .ics च्या मानकाचा नियम आहे. म्हणजे DTEND मध्ये जी आहे ती परतीची तारीख. कोणी हाताने किंवा एखाद्या स्क्रिप्टने ही फाईल बनवताना तिथे ६ तारीख टाकली, तर ६ मेला ती सगळ्यांना मोकळी दिसते. आणखी एक: नोंद दिवसभराची म्हणूनच करा. रात्री १२ ते रात्री १२ अशी वेळ टाकलीत, तर टोकियोतली २९ एप्रिलची मध्यरात्र लंडनच्या पडद्यावर २८ तारखेच्या दुपारी ४ वाजता उतरते.

वेळेवरून आठवलं. त्या प्रकरणात सगळ्यात महागात पडला तो २८ एप्रिलच. मेमध्ये टोकियो लंडनच्या आठ तास पुढे असतं, एप्रिलअखेरही तेच. तिचे संध्याकाळचे ६ म्हणजे त्याचे सकाळचे १०. त्याने तपासलेल्या मजकुराची फाईल पाठवली २८ तारखेला दुपारी २ वाजता, "आज ती आहे" असं समजून. तिथे रात्रीचे १० वाजले होते. फाईल उघडली गेली ७ मेला. तिला एक शंका आली, ती तिने त्यालाच विचारली, आणि तो ५ ते ८ मे रजेवर. त्याच्या जागी बसलेल्या बाईंना त्या शंकेतलं काही ठाऊक नव्हतं. उत्तर मिळालं सोमवारी, ११ मेला.

म्हणून शेवटच्या दिवसाबरोबर वेळही लिहावी, तीही समोरच्याच्या घड्याळात: "माझ्याकडून काही हवं असेल तर २८ एप्रिल, लंडन सकाळी १० च्या आत." पूर्वेकडच्या माणसाने हे विशेष करावं, कारण त्याचा शेवटचा दिवस पश्चिमेकडच्याला अर्धामुर्धाच मिळतो. परतीच्या दिवशी उलटं होतं, तिथे वेळ नाही लिहिली तरी चालतं.

पण दोघांनीही आपापली गैरहजेरी नीट लिहिली, तरी एक तारीख कोणाच्याच निरोपात नसते: दोघं एकाच वेळी जागेवर असण्याची. ती शेवटची २८ एप्रिल होती आणि त्यानंतरची ११ मे. मध्ये बारा दिवस. तिची रजा दोन दिवसांची, त्याची चार दिवसांची, आणि दोघांनाही आपण फार काही मागितलंय असं वाटत नव्हतं. हे बारा दिवस शोधायला दोन्ही निरोप शेजारी ठेवावे लागतात, आणि ते काम माझं होतं. मी केलं नाही.

आता हे करताना देशाच्या नावावर विसंबू नका. जर्मनीत राज्यागणिक सुट्ट्या बदलतात, ८ मार्च बर्लिनमध्ये सुट्टी आणि म्युनिकमध्ये काम. ऑगस्टचा बँक हॉलिडे इंग्लंडमध्ये शेवटच्या सोमवारी, स्कॉटलंडमध्ये पहिल्या. सुट्टी शनिवार-रविवारी आली तर काय, याचेही नियम एकसारखे नाहीत. २०२६ चंच घ्या: ४ जुलै शनिवारी, म्हणून अमेरिकेत सरकारी कार्यालयांना शुक्रवारी ३ तारखेला सुट्टी. ३ ऑक्टोबरही शनिवारी, पण जर्मनीत बदली सुट्टी मिळत नाही, ती गेली ती गेली. चीनमध्ये तर लांब सुट्टीची भरपाई म्हणून आधीचा किंवा नंतरचा शनिवार-रविवार कामाचा ठरवला जातो, त्यामुळे तिथला सहकारी रविवारी निरोप पाठवतो आणि आपण त्याला कामसू समजतो. या सगळ्याचा अंदाज दुसऱ्या देशातून बांधायच्या भानगडीत मी पडत नाही. ज्याचं कॅलेंडर, त्याने आपली परतीची तारीख सांगावी.

अपवाद चंद्र पाहून ठरणाऱ्या सुट्ट्यांचा. आखाती देशांतला सहकारी ईदनंतरची पक्की तारीख महिनाभर आधी देऊ शकत नाही, कारण ती आदल्या संध्याकाळी ठरू शकते. त्याच्याकडून दोन तारखा घ्याव्यात, लवकरची आणि उशिराची, आणि बेत उशिराच्या तारखेवर आखावा.

समोरच्याला कळलं की नाही, हे ओळखायची माझी एकच कसोटी आहे. निरोपाला 'ओके' आलं तर ते कळलेलं नाही असंच मी धरते. परतल्यानंतरच्या पहिल्या भेटीचं आमंत्रण रजेआधीच त्यांना पाठवायला सांगते. चुकीचा दिवस डोक्यात असेल तर तो तिथे बाहेर येतो.

नंतरच्या रजेच्या वेळी टोकियोहून आलेल्या निरोपात 'दोन दिवस' हे शब्द नव्हते. दोन वार, दोन तारखा आणि लंडनच्या घड्याळातली एक वेळ होती. लंडनहून उत्तरादाखल आमंत्रण आलं, लंडन सकाळी ९, टोकियो संध्याकाळी ५. त्या दोघांना दिवसात मिळतो तो हा एवढाच तास.