कॅलेंडर आणि पाच फूट चिखल

सोसायटीतल्या पाचवी ते आठवीच्या मुलांना ऐरोलीच्या खाडीवर न्यायचं ठरलं, तेव्हा तारीख मी काढली नाही. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांच्याकडे दिलं आणि कोळ्यांचा जुना हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ येते. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. आपल्याला उघडा चिखल बघायचाय, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान. दिवस तुम्ही शोधा.

पौर्णिमा मुलांनीच बाद केली. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दहा ते बारात पाणी काठोकाठ. सप्तमीला मात्र सातची पाऊणपट सव्वापाच, म्हणून ओहोटी साडेअकराच्या आसपास. "पण काकू, सप्तमीला पाणी पौर्णिमेइतकं खाली जाईल?" एकीने विचारलं. नाही जात. सप्तमीच्या आसपासची, म्हणजे भांगाची, भरती-ओहोटी लहान असते; पौर्णिमेची, म्हणजे उधाणाची, मोठी. तरी आमच्या कामापुरता चिखल उघडतो. हिशोब अंदाजाचा आहे आणि खाडीत आतवर पाणी थोडं उशिराने हलतं, म्हणून भरतीच्या तक्त्यावरून वेळ ताडून घेतली. बोटीची सफर हवी असेल तर गणित उलटं, कारण तिला पाणी लागतं.

दहाला तिवरांमधल्या लाकडी वाटेवर पोचलो. मी कठड्यावरून एका खांबाकडे बोट दाखवलं, पाण्याची रेघ लक्षात ठेवायला सांगितली आणि गप्प बसले. प्रत्येकाला समोरचा साधारण पाच फूट चिखल वाटून दिला होता. पाणी उतरलं तशा चिखलातून वर आलेल्या तिवराच्या श्वासमुळांच्या काड्या दिसू लागल्या. मग बिळांतून छोटे खेकडे आले. एकाच्या तुकड्यातल्या खेकड्याची एक नांगी भलीमोठी होती, ती तो सारखी वर-खाली हलवत होता. पंधरा मिनिटं बघून मुलगाच म्हणाला, "खातो मात्र छोट्या नांगीने!" मोठी नांगी मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराशी भांडायला असते, हे मी त्यानंतरच सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्याने बघितलंच नसतं. तिवराच्या पानांवर भिंगातून मिठाचे कण दिसले, तेव्हा झाड खारं पाणी कसं पचवतं हा प्रश्नही त्यांच्याकडूनच आला.

तिथून ठाण्याला, कळव्याच्या पुलाजवळ. मध्यवर्ती कारागृहाची भिंत रस्त्यावरून दाखवली. हा पोर्तुगीजांनी 1730 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला. बांधकाम पुरं व्हायच्या आधीच, 1737 मध्ये, तो मराठ्यांनी घेतला. आत जाता येत नाही, म्हणून एकच प्रश्न ठेवला: किल्ला इथेच का? काही जण खाडीकडे वळले. "भरतीला गलबतं येणार आणि ओहोटीला चिखलात अडकणार," आठवीतला म्हणाला, आणि मग दोन्ही वेळांना हल्ला कुठून होईल यावर त्यांचं जे भांडण सुरू झालं, ते गाडी सुटेपर्यंत चाललं.