घरचा पीसी, शेतातला फोन: रिमोट डेस्कटॉपची आतापर्यंतची मजल

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरचा पीसी आता यवतमाळहूनही उघडतो आणि वावरातूनही. गेल्या नोंदीत मी विंडोजचं रिमोट डेस्कटॉप, म्हणजे आरडीपी, वापरणार एवढंच लिहिलं होतं. आता जुळणी बसली आहे, म्हणून तपशीलवार लिहितो. कारण जोडणी होणं सोपं असतं. ती फक्त आपल्यालाच होईल याची खात्री करण्यातच खरं काम आहे.

घरी विंडोज 11 प्रो आहे. होम आवृत्तीत दुसरीकडे जोडून घेता येतं, पण स्वतःच्या पीसीत बाहेरून कुणाला घेता येत नाही, हे आधी तपासा. फोनवर मायक्रोसॉफ्टचंच `Windows App` आहे.

पहिला अडथळा इंटरनेटचा. गावात सिमवर चालणारा राउटर आहे. राउटरच्या पानावर WAN चा पत्ता 100.64 ते 100.127 या पट्ट्यातला दिसला, म्हणजे कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलंय. याला सीजीनॅट म्हणतात. अशा जोडणीवर राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरची विनंती घरापर्यंत पोचतच नाही. माझ्या मते हे बरंच आहे. तालुक्याच्या गावी एका मित्राकडे सार्वजनिक पत्ता आहे आणि त्याने आरडीपीचं 3389 पोर्ट थेट उघडं ठेवलं होतं. त्याच्या Event Viewer मध्ये `4625` क्रमांकाच्या, म्हणजे लॉगइन फसल्याच्या नोंदींची रांगच लागली होती. कुणीतरी `administrator`, `admin`, `user` अशी नावं यंत्राने एकामागून एक लावून पाहत होतं. पोर्टचा आकडा बदलला तर हा त्रास कमी होतो, पण थांबत नाही, कारण शोधणारी यंत्रं सगळी पोर्टं चाळतात.

म्हणून मी टेलस्केल घेतलं. ते वायरगार्ड या कुलूपबंद जोडणीच्या तंत्रावर चालतं आणि पीसी व फोन दोघांनाही आपल्या खासगी जाळ्यातला एकेक पत्ता देतं. दोन्ही यंत्रं स्वतःहून बाहेर पडून एकमेकांना गाठतात, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही आणि राउटरवर काहीही उघडावं लागत नाही. विंडोजमध्ये त्याच्या मेनूतलं `Run unattended` चालू करायला विसरू नका. ते बंद असेल तर पीसी सुरू झाल्यावर कुणी लॉगइन करेपर्यंत टेलस्केल जोडलं जात नाही, आणि लाइट जाऊन आल्यावर नेमकी तीच अवस्था असते.

आता फायरवॉल. टेलस्केलचे पत्तेही 100.64.0.0/10 याच पट्ट्यातले असतात, म्हणजे सीजीनॅटचाच पट्टा. बऱ्याच ठिकाणी अख्ख्या पट्ट्याला परवानगी द्यायला सांगतात. राउटर मध्ये असेल तोवर फार बिघडत नाही, पण पीसीला डोंगल थेट लावलं तर कंपनीच्या जाळ्यातले शेजारी त्याच पट्ट्यात येतात. म्हणून मी फक्त माझ्या फोनचा टेलस्केलमधला पत्ता दिला. अ‍ॅडमिन पॉवरशेलमध्ये (पत्ता तुमच्या फोनचा घाला):

```
Set-NetFirewallRule -DisplayGroup "Remote Desktop" -RemoteAddress 100.101.20.7
```

नियम लागला की नाही हे तपासायची सोपी रीत आहे. फोन घरच्या वायफायवर ठेवा, टेलस्केल बंद करा आणि पीसीचा 192.168 ने सुरू होणारा पत्ता टाकून जोडून पाहा. ॲपने बराच वेळ फिरून हार मानली पाहिजे. पासवर्ड विचारला, तर नियम लागलेला नाही. मग वायफाय सोडून मोबाइल डेटावर, टेलस्केल चालू करून, पीसीचा टेलस्केलचा पत्ता टाका. इथे पासवर्ड विचारलाच पाहिजे.

पासवर्डबद्दल एक गोष्ट. आरडीपीला विंडोजचा पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो. मी फोनसाठी वेगळं साधं खातं काढलं, त्याला अ‍ॅडमिनचे अधिकार नाहीत, आणि ते `Remote Desktop Users` गटात टाकलं. पासवर्ड लांब आहे आणि ॲपमध्ये साठवलेला नाही. वेगळ्या खात्याची एक किंमत आहे: घरच्या खात्यात उघडे ठेवलेले प्रोग्राम फोनवर दिसत नाहीत. सामाईक फाइली `C:\Hishob` मध्ये ठेवल्या की माझं भागतं. बहीण पीसीवर अभ्यासाला बसली असेल तर मी जोडायला जाताच तिच्या पडद्यावर विचारणा येते. मी आत आलो की तिचं काम मागे चालू राहतं, पण पडदा लॉक होतो. एका वेळी एकच जण, ही विंडोजचीच मर्यादा आहे. म्हणून आधी फोन करून विचारतो.

आणि खरी किल्ली पीसीत नाही, तर टेलस्केलला ज्या खात्याने लॉगइन केलंय त्या खात्यात आहे. तिथे दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन लावा. फोन हरवला तर दुसऱ्या कुठल्याही यंत्रावरून टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर जाऊन तो फोन काढून टाकायचा, की त्याचा रस्ता बंद. यंत्रांची किल्ली मुळात 180 दिवसांनी संपते. पीसीसाठी ही मुदत मी बंद केली, नाहीतर ऐन वेचणीत पीसी जाळ्यातून गळायचा. फोनची मुदत तशीच ठेवली.

आता वावरातला अनुभव. वेचणीचं माप चालू होतं आणि एका बाईच्या मागच्या आठवड्याच्या किलोंबद्दल घोळ पडला. विहिरीपाशी सिग्नलची एकच कांडी. तरी आत गेलो, हिशोबाची फाइल उघडली आणि तिथल्या तिथे आकडा जुळवला. टाइप करताना अक्षरं मागून उमटत होती. कारण पाहायला त्याच पीसीवर पॉवरशेल उघडून फोनला पिंग केलं:

```
tailscale ping redmi
```

उत्तरात `via DERP(blr)` आलं, म्हणजे थेट रस्ता मिळाला नव्हता आणि सगळं बंगळूरच्या मधल्या सर्व्हरवरून फिरत होतं. मजकूर तिथेही कुलूपबंदच असतो, फक्त वेळ लागतो. थेट जोडणी असेल तर तिथे समोरच्याचा पत्ता आणि पोर्ट दिसतं. अशा वेळी ॲपमध्ये रिझोल्यूशन खाली आणा, फरक लगेच जाणवतो.

उरला लाइटचा प्रश्न. बायॉसमध्ये `Restore on AC Power Loss` ला `Power On` दिलं की लाइट आल्यावर पीसी आपोआप चालू होतो. पण आमच्याकडे लाइट येताना दोन-तीनदा ये-जा करते आणि तेवढ्यांदा पीसी उठून पडतो, हे डिस्कला बरं नाही. म्हणून पीसी यूपीएसवर घेतला आणि राउटरला वेगळा छोटा यूपीएस दिला. झोपही बंद करावी लागली:

```
powercfg /change standby-timeout-ac 0
```

यावर मायचं म्हणणं, "रातभर दिवा पेटून रायते त्याचा, बंद करू का बा?" तिचं बरोबर आहे, पीसी विनाकारण चालू राहतो. पुढचं काम तेच: वेक-ऑन-लॅन, म्हणजे झोपलेल्या पीसीला जाळ्यावरून पॅकेट पाठवून उठवणं. त्याचं पॅकेट घरातल्या जाळ्यातच फिरतं, टेलस्केलमधून झोपलेल्या पीसीपर्यंत जात नाही. त्यामुळे घरात कायम चालू असणारं एखादं छोटं यंत्र लागेल, जे माझ्या सांगण्यावरून आतून पॅकेट सोडेल. कपाटातला जुना अँड्रॉइड फोन चार्जरला लावून बघणार आहे. रात्रभर चार्जिंगवर त्याची बॅटरी फुगते का, यावर आधी नजर ठेवतोय. कुणी असा जुना फोन महिनोन्महिने चालवला असेल तर तुमचा अनुभव कळवा.