कोपराआडचा त्रिकोण

जाहिरातीच्या फलकावरच्या माणसाचा चेहरा मी नंतर बघतो, आधी कोपर बघतो. माणूस कमरेवर हात ठेवून उभा असेल तर हमखास. मागे निळंशार आकाश, समोर हसरा गृहस्थ, आणि दंड व बरगड्यांच्या मधल्या त्रिकोणात स्टुडिओची फिकट भिंत तशीच्या तशी! केस मात्र एकेक बट सोडवून कापलेले. केसांची भीती सगळ्यांना असते, त्यामुळे सगळी मेहनत तिकडेच जाते. कोपराला कोण विचारतो?

लहानपणी वहीत चिकटवायला चित्रं कापायचो, तेव्हाही हेच व्हायचं. कात्री बाहेरून सुरू होते आणि कडेकडेने फिरून परत बाहेरच येते. मधल्या बंद जागेत शिरायला तिला वाटच नसते. मी तिथला पांढरा कागद तसाच ठेवायचो. दादाला ते खपायचं नाही. तो चित्रातल्या माणसाचा हात मनगटाशी सरळ कापायचा, कात्री आत घालून त्रिकोण काढायचा आणि चिकटवताना हात पुन्हा जुळवायचा. सांधा दिसायचा नाही. मला ते भयंकर वाटायचं.

फोटोशॉपमधल्या जादूच्या कांडीचीही गत कात्रीसारखीच. आपण भिंतीवर क्लिक करतो. ती त्या ठिपक्याचा रंग घेते आणि शेजारून शेजारी, मिळताजुळता रंग असेल तिथवर पसरत जाते. हात आडवा आला की थांबते. `Contiguous`ची खूण काढली तर ती उडी मारून पलीकडे जाते खरी, पण मग कॉलर, दात, डोळ्यांतला पांढरा भाग, सगळंच भिंत समजून उचलते. म्हणून खूण राहू द्यायची, आणि Shift दाबून त्रिकोणात वेगळं क्लिक करायचं.

तरीही बऱ्याचदा अर्धाच त्रिकोण निवडला जातो, कारण आतली भिंत बाहेरच्या भिंतीसारखी नसते. माणूस भिंतीला लागून उभा असला तर तिथे त्याची सावली पडते, आणि शर्ट लाल असेल तर कडेला किंचित तांबूस झाकही येते. काखेपाशी गडद, कोपरापाशी उजळ. `Tolerance` सुरुवातीला 32 असतं. म्हणजे क्लिक केलेल्या ठिपक्यापासून 255 च्या पट्टीवर एवढाच फरक चालेल. लोक तो आकडा वाढवत नेतात आणि कांडी हळूच बाहीत शिरते. त्यापेक्षा आकडा कमी ठेवून एकदा गडद भागात आणि एकदा उजळ भागात क्लिक केलेलं बरं. मग निवड एका पिक्सेलने वाढवायची, नाहीतर पुसल्यावर हाताच्या आतल्या कडेला फिकट रेघ राहते. कडा मऊ करायचा मोह इथे आवरावा. बोटांमधल्या चिंचोळ्या फटीला मोठं `Feather` दिलं, तर कुठलाच पिक्सेल निम्म्याहून जास्त निवडला गेलेला नाही, अशी सूचना येते. फट धड पुसली जात नाही आणि धड राहतही नाही.

पण हे सगळं फट दिसली तर. पारदर्शक जागा दाखवणाऱ्या करड्या-पांढऱ्या चौकटींवर फिकट भिंतीचा तुकडा बेमालूम लपतो. मी खाली एक भडक थर टाकतो, शक्यतो किरमिजी. कानातल्या रिंगेतली भिंत, चष्म्याची दांडी आणि गाल यांच्यामधली फट, पिशवीच्या बंदाखालची जागा, सगळं एकदम ओरडायला लागतं.

खुर्ची मात्र माझी परीक्षा पाहते. पाठीच्या दांड्यांमधला प्रत्येक खण वेगळा. पायांत आडवी पट्टी असेल तर तिच्या वरची जागा बंद आणि खालची जमिनीकडे उघडी, म्हणजे एकाच पायापाशी दोन न्याय. शिवाय एखाद्या खणातून मागचा पाय डोकावतो. तो भिंत नव्हे, खुर्चीच, तो ठेवायचा. विणलेल्या वेताच्या पाठीत एकेक भोक टिपत बसलं तर संध्याकाळ होते. तिथे उलटं करायचं. आधी फक्त त्या जाळीभोवती लासोने कुंपण घालायचं, मग `Contiguous` काढून Shift आणि Alt दोन्ही दाबून एका भोकात क्लिक करायचं. कुंपणाच्या आतली, त्या रंगाची तेवढीच भोकं निवडली जातात, कारण या दोन कळांनी दोन निवडींमधला सामाईक भागच उरतो. वेत भिंतीच्याच रंगाचा असेल तर हेही फसतं. मग पेन टूल आणि संयम.

हल्ली असा फोटो समोर आला की मी आधी विचारतो, खुर्ची हवीच आहे का? बहुतेकदा नको असते. मग फोटो छातीपर्यंतच ठेवतो आणि कोपरही चौकटीबाहेर घालवून टाकतो.