वगैरेतला ‘आणि’

तालुक्याच्या गावी तहसीलसमोर अर्ज लिहून देणाऱ्यांची टेबलं असतात. तिथं इंग्रजी अर्ज करून घेणारा माणूस कोणत्याही यादीच्या शेवटी हमखास सांगतो, ‘एक्सेट्रा टाकून देजो भाऊ, सारं त्याच्यात येते.’ सारं येतं हे खरं, पण टाकायची तऱ्हा बहुतेक वेळा चुकते. तोंडात ‘एक्सेट्रा’ बसलं की बोटंही तसंच टाइप करतात, आणि कागदावर ई-सी-टी उमटतं. खरा क्रम ई-टी-सी असा आहे, कारण मुळात हे दोन लॅटिन शब्द आहेत: ‘एट’ म्हणजे आणि, ‘सेटरा’ म्हणजे बाकीच्या गोष्टी. ‘एट’मध्ये क कुठेच नाही. एक्स्ट्रा, एक्सेप्ट असले शब्द कानावर सारखे पडत असल्यानं जीभ तो आपसूक घालते. ‘एट-सेटरा’ असं मधे किंचित थांबून म्हटलं, की उच्चारही सुधारतो नि स्पेलिंगही.

त्या ‘एट’मध्येच ‘आणि’ बसलेला आहे, म्हणून त्याच्याआधी अँड लावायचा नसतो. ‘कॉटन, सोयाबीन, तूर अँड इटीसी’ म्हणजे ‘कापूस, सोयाबीन, तूर आणि आणि बाकीचं’. आपल्या वगैरेचंही तसंच आहे. तो अरबीतून आला, आणि त्यातला ‘व’ म्हणजे आणिच. ‘आणि वगैरे’ म्हणणारा मराठीतही तेच करतो, फक्त ते आता कुणाला खुपत नाही. कृषी केंद्राच्या पाटीवर दोन नावांच्या मधे जे & चिन्ह असतं, तेही याच कुळातलं. रोमन लेखनिक ‘एट’ची ई आणि टी ही दोन अक्षरं जोडून लिहायचे, त्या जोडाक्षराचंच पुढे & झालं. जुन्या इंग्रजी छापील कागदांत म्हणूनच &c. असं दिसतं. ते वेगळं काही नाही, एट सेटराच आहे. तेव्हा ई-टी-सीच्या आधी & लावणं म्हणजे एकच शब्द एकदा चिन्हानं नि एकदा अक्षरांनी लिहिणं.

आता नेहमी दिसणारं एक वाक्य घेऊ. पीककर्जाच्या अर्जात लिहिलेलं असतं, ‘आय ग्रो क्रॉप्स सच अॅज कॉटन, सोयाबीन, तूर अँड इटीसी..’ यातला अँड आधी काढा. मग शेवटची दोन टिंबं पाहा. ई-टी-सीपुढचं टिंब हे शब्द तोडल्याची खूण असतं, आणि वाक्य तिथंच संपत असेल तर तेच पूर्णविरामाचंही काम करतं, दुसरं लागत नाही. वाक्य पुढे चालू असेल तर मात्र ते टिंब ठेवून त्यापुढे स्वल्पविराम द्यावा. तुरीनंतरही स्वल्पविराम हवा. राहिलं ‘सच अॅज’. त्याचा अर्थच ‘यांसारखी काही’ असा, म्हणजे यादी नमुन्यादाखल आहे हे आधीच सांगून झालं. मग शेवटी पुन्हा बाकीच्यांना बोलावण्याचं कारण नाही. दोहोंपैकी एक ठेवा.

इतकं करून वाक्य शुद्ध होतं, आणि तरीही या अर्जासाठी ते वाईटच. पीककर्ज पीकनिहाय, हेक्टरी ठरलेल्या दरानं मंजूर होतं. ‘बाकीच्या गोष्टीं’ना दर कोण लावणार? विम्यातही पिकाचं नाव नि क्षेत्र लागतं. वाचणाऱ्याला राहिलेली यादी स्वतःच्या मनानं पुरी करता येते, तिथंच ई-टी-सी शोभतं. ‘फावडं, टिकास, विळा, इत्यादी’ म्हटलं की अवजारं कळतात. ‘विळा, बैलजोडी, विहीर, इत्यादी’ म्हटलं की पुढे काय ते कुणालाच कळत नाही. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा मोघम मथळा असतो, पण त्याखाली बोजा कोणत्या बँकेचा नि किती, हे नावानिशी लिहावं लागतं. तसंच इथंही करावं.

माणसांच्या यादीला ‘सेटरा’ चालत नाही, कारण तो शब्द नपुंसकलिंगी, वस्तूंचा. पाच भावांपैकी दोघांची नावं देऊन पुढे ई-टी-सी लिहिणं म्हणजे उरलेल्या तिघांना फावडं-टिकासात बसवणं. शोधनिबंधात अशा जागी ‘एट अल.’ येतं, म्हणजे ‘आणि इतर जण’. त्यात टिंब फक्त ‘अल’पुढे, कारण तोडलेला शब्द तोच, ‘एट’ पुरा आहे. साध्या अर्जात सरळ ‘अँड अदर्स’ लिहावं.

इंग्रजी कागदांत येणाऱ्या दुसऱ्या लॅटिन जोडीचं, अॅड हॉकचं, काम थोडक्यात आटोपतं. ‘अॅड’ म्हणजे साठी, ‘हॉक’ म्हणजे हे, मिळून ‘यासाठी’. मराठीतला ‘तदर्थ’ हुबेहूब तोच. दोन शब्द, मधे जागा, जोडरेघ नको. आपल्याकडच्या आदेशांत ते सर्रास जोडून दिसतं, पण शब्दकोशांत वेगळंच आहे. अडचण अर्थाची जास्त होते. आपल्याकडे तो शब्द ‘तात्पुरता’ याच अर्थानं चालतो, मुळात मात्र कालावधीपेक्षा हेतू महत्त्वाचा. शाळेच्या सुवर्णमहोत्सवापुरती नेमलेली समिती अॅड हॉक: समारंभ उरकला, हिशेब दिला, समिती संपली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याखालची शाळा व्यवस्थापन समिती तशी नव्हे. तिचे सदस्य बदलतात, समिती कायम राहते.

तिसरी लॅटिन जोडी, व्हाइस व्हर्सा, मात्र भल्याभल्यांना चकवते. त्याचे ‘व्हाइस व्हर्सा’ नि ‘व्हाइसी व्हर्सा’ हे दोन्ही उच्चार चालतात. दुसऱ्यातला शेवटचा ‘ई’ कानाला जरा वेगळा लागला, की लोक मधे एक ‘ए’ घुसवतात. स्पेलिंगमध्ये तो नाही, आणि ‘व्हिसा’शी तर काहीच संबंध नाही. अर्थ आहे ‘जागा उलटवून’, म्हणजे दोन गोष्टींची अदलाबदल. ‘बस अमरावतीहून दर्यापूरला जाते अँड व्हाइस व्हर्सा’ हे चोख, कारण गावांची नावं बदलली तरी वाक्य खरं राहतं. इथं अँड लागतो बरं का, यात ‘एट’ नाही.

पण ‘कापसाचा भाव पडला की शेतकऱ्याचा तोटा होतो अँड व्हाइस व्हर्सा’ हे वाक्य पाहा. लिहिणाऱ्याच्या मनात असतं, भाव चढला की फायदा होतो. ते झालं विरुद्ध विधान. अदलाबदल केली तर निघतं, शेतकऱ्याचा तोटा झाला की कापसाचा भाव पडतो! बोंडअळीनं अर्धं वावर खाल्लं तर तोटा होतोच, भाव मात्र जागचा हलत नाही. ‘सोयाबीन, कापूस नि तूर यांची फेरपालट करावी अँड व्हाइस व्हर्सा’ यातही तेच अडतं: तिघांत कुणाची जागा कुणाशी बदलायची? दोन्ही नावं उलटी घालून वाक्य मोठ्यानं वाचावं; म्हणायचं होतं तेच ऐकू आलं तर शब्द ठेवावा, नाहीतर ते दुसरं वाक्य सरळ लिहून काढावं.

यातला ‘व्हाइस’ सोसायटीच्या व्हाइस चेअरमनमध्येही आहे. तिथं अर्थ ‘च्या जागी’ असा. बदलीच्या इंग्रजी आदेशातही तो एकटा येतो: ‘व्हाइस’ आणि पुढे एका अधिकाऱ्याचं नाव. नवखा वाचक त्याला उपपद समजतो, नि तलाठी कार्यालयात चर्चा सुरू होते की नवे साहेब ‘उप’ होऊन येताहेत. तसं नसतं. ज्याचं नाव ‘व्हाइस’नंतर आहे त्याची खुर्ची रिकामी होते, आणि आधीचं नाव ज्याचं, तो तिच्यावर त्याच पदानं बसतो.