पेपरातला तो कॉरिडॉर आणि अर्धा मिलिमीटर शिसं: माझा अनुभव

सरकारी रुग्णालयातल्या रेडिओग्राफरच्या जागेसाठी लेखी परीक्षेची तयारी करताना रेडिएशन प्रोटेक्शनचा धडा मी दोन दिवसांत उरकला. तत्त्वं तीन: जस्टिफिकेशन, ऑप्टिमायझेशन आणि डोस लिमिट. फसवायचं असेल तर पर्यायांत 'वेळ, अंतर, आडोसा' घालतात. ते तत्त्व नव्हे, डोस कमी करायची साधनं. आणि डोस लिमिट रुग्णाला लागू होत नाही, हेही एकदा डोक्यात बसलं की पुन्हा चुकत नाही. इथवर सगळं सुरळीत होतं. अडलं ते क्लासच्या एका सराव संचातल्या एका गणितावर, आणि त्याच्या उत्तरतालिकेवरचा राग अजून गेलेला नाही.

गणित असं. एक्स-रे खोलीच्या भिंतीपलीकडे कॉरिडॉर आहे, तिथून लोक ये-जा करतात. रुग्णापासून १ मीटरवर स्कॅटरचा, म्हणजे रुग्णावर आदळून पसरणाऱ्या किरणांचा दर, ट्यूब १०० मिलिअँपिअर म्हणजे एमए वर चालू असताना, तासाला ३२ मिलिग्रे. वर्कलोड आठवड्याला ३०० एमए-मिनिटं. कॉरिडॉर रुग्णापासून २ मीटर, ट्यूबपासून ३ मीटर. ऑक्युपन्सी फॅक्टर, म्हणजे तिथे माणूस असण्याचा वेळेतला हिस्सा, १/५. शिशाचा एचव्हीएल, म्हणजे किरणं निम्मी करणारी जाडी, ०.२५ मिमी. लीकेज, म्हणजे ट्यूबच्या आवरणातून निसटणारी किरणं, धरायचं नाही. तर भिंतीला शिसं किती? पर्याय: ०.२, ०.५, १.०८, २.१६ मिमी.

या चार आकड्यांपैकी तीन चुकांतून आलेले आहेत, आणि कुठली चूक कुठल्या आकड्यावर नेते हे कळलं तेव्हाच मला गणित कळलं.

सुरुवात अंतरापासून. स्कॅटरचा उगम रुग्ण आहे, ट्यूब नाही. किरण रुग्णावर आदळून तिथून पसरतात, त्यामुळे व्यस्त वर्गाचा नियम रुग्णापासून लावायचा. १ मीटरवर ३२, तर २ मीटरवर चौथा हिस्सा, म्हणजे ८ मिलिग्रे तासाला. ज्याने ट्यूबपासूनचे ३ मीटर घेतले त्याला ३.५६ मिळतात आणि शेवटी तो ०.२ मिमी वर पोचतो. प्रश्नात लीकेज दिलं असतं, तर त्याच्यासाठी मात्र ट्यूबपासूनच मोजायचं.

आता वेळ. एमए-मिनिट हे वेळेचं एकक नाही, आणि मी दोन संध्याकाळी इथेच घालवल्या. आठवड्यात ३०० एमए-मिनिटं म्हणजे १०० एमए वर ट्यूब फक्त ३ मिनिटं चालू असते. दर १०० एमए चाच दिला आहे, म्हणून ३०० ला १०० ने भागायचं. ३ मिनिटं म्हणजे तासाचा विसावा भाग. ८ ला २० ने भागलं की आठवड्याला ०.४ मिलिग्रे. ज्याने ३०० ला मिनिटं समजून ५ तास केले, त्याच्या हिशेबात ४० मिलिग्रे येतात आणि तो २.१६ मिमी ला जाऊन थांबतो. उत्तर असं फुगलेलं दिसलं की आधी एमए-मिनिटांकडे बघायचं.

पुढे ग्रे आणि सीव्हर्ट. एक्स-रेला रेडिएशन वेटिंग फॅक्टर १ आहे, म्हणून ०.४ मिलिग्रेचे ०.४ मिलिसीव्हर्ट, म्हणजे ४०० मायक्रोसीव्हर्ट. आकडा तोच राहतो म्हणून दोन्ही एककं एकच असा समज होतो. अल्फा कणांना २० ने गुणावं लागतं, तिथे हा समज फुटतो. आणि इफेक्टिव्ह डोस विचारला की अवयवाचा फॅक्टर वेगळा लावावा लागतो. फक्त थायरॉइडला १० मिलिग्रे मिळाले, तर इक्विव्हॅलंट डोस १० मिलिसीव्हर्ट, पण इफेक्टिव्ह डोस ०.०४ ने गुणून ०.४ मिलिसीव्हर्ट. जुन्या पुस्तकात हा फॅक्टर ०.०५ दिसेल. तो आयसीआरपी या किरणसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाचा १९९० चा तक्ता; ०.०४ हा २००७ चा.

परत कॉरिडॉरकडे. तिथे कुणी आठवडाभर उभं राहत नाही, म्हणून ऑक्युपन्सी १/५. ४०० चे ८० मायक्रोसीव्हर्ट झाले. कॉरिडॉरमधून सामान्य लोक जातात, त्यांची मर्यादा वर्षाला १ मिलिसीव्हर्ट. ५० आठवडे धरले तर आठवड्याला २०. ८० वरून २० वर यायचं म्हणजे चौथा हिस्सा. एकदा निम्मं, पुन्हा निम्मं: दोन एचव्हीएल, ०.५ मिमी. संपलं.

उत्तरतालिकेत मात्र १.०८ छापलं होतं. ४०० ला थेट २० ने भागलं तर २० पट कमी करावं लागतं, त्याला ४.३२ एचव्हीएल लागतात, त्यातून १.०८ येतं. म्हणजे ऑक्युपन्सी दिलेली असून तालिकावाल्याने ती वापरलीच नाही. मी आधी माझंच चुकलं म्हणून सगळं पुन्हा केलं, मग आणखी एकदा. शेवटी चारही पर्याय उलटे सोडवले तेव्हा घोळ सापडला.

कॅल्क्युलेटर नसेल तर २, ४, ८, १६, ३२ एवढी ओळ कोपऱ्यात लिहून ठेवा. २० हे १६ आणि ३२ च्या मधे, म्हणून चार ते पाच एचव्हीएल. पूर्ण थरांत उत्तर मागितलं तर पाच लिहायचे, चार नव्हे. चार थरांनंतर २५ मायक्रोसीव्हर्ट उरतात. आणि दोन एचव्हीएलने किरणं शून्य होतात असं कुणी सांगितलं, तर त्याने वजाबाकी केली आहे.

आणखी एक, आधी सांगायचं राहिलं. रेडिएशनवर काम करणाऱ्याची मर्यादा विचारली तर परदेशी पुस्तकात कुठल्याही एका वर्षासाठी ५० मिलिसीव्हर्ट दिसेल. आपल्याकडे एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा एका वर्षात ३०, आणि सलग पाच वर्षांत मिळून १००. प्रश्नात 'भारतात' हा शब्द आहे का ते बघून खूण करा. वरच्या गणितात कामगाराची मर्यादा, पाच वर्षांच्या १०० ची सरासरी म्हणून वर्षाला २०, लावली असती, तर आठवड्याला ४०० मायक्रोसीव्हर्ट चालले असते आणि शिसं लागलंच नसतं. म्हणून भिंतीपलीकडे कोण आहे, हे आकड्यांना हात लावण्याआधी वाचायचं.

प्रत्यक्षात किरणांचं मिश्रण असतं. पहिल्या थरात मऊ किरणं गळतात, उरलेली जास्त भेदक असतात, त्यामुळे दुसरा एचव्हीएल पहिल्यापेक्षा जाड लागतो. परीक्षेत तो सारखाच धरतात. आपल्या गोव्यातल्या जुन्या घरात क्लिनिक असेल तर भिंत चिऱ्याची असते. पुस्तकातले विटेचे आकडे तिला जसेच्या तसे लावू नयेत, कारण चिऱ्यात पोकळ्या असतात आणि सांधे कच्चे राहतात. तिथे सर्व्हे मीटर सांध्यांवरून फिरवावा लागतो, आणि दाराच्या चौकटीवरूनही. दाराला शिसं लावलेलं असतं, चौकटीच्या फटीला नसतं.

तालिकेतली चूक पायऱ्यांसकट लिहून क्लासला दिली. 'बघतो' म्हणाले. पुढच्या बॅचच्या एका मुलीने परवा तोच कागद दाखवला, त्यावर १.०८ भोवती तसंच गोल होतं.